बाही बदलायला गेलो आणि साडी हरवली

नागपुरात महाल भागात आमच्या ओळखीच्या एका मास्तरांचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. कापडाला कात्री लावण्याआधी ते गिऱ्हाइकाला "असं दिसेल बघा" म्हणून चित्र दाखवतात. पूर्वी ते पेन्सिलने पाठकोऱ्या कागदावर काढायचे. आता गिऱ्हाईक स्वतःचा फोटो देतं आणि त्या फोटोतला ब्लाउज एआयच्या टूलने बदलून पाहता येतो. ते बदलायचं काम माझ्याकडे आलं आहे. (फोटो ज्याचा, त्याने स्वतः दिलेला हवा. शेजारणीचा फोटो घेऊन कोणी आलं तर मी हात लावत नाही.)

मागच्या लग्नसराईत एक काकू आल्या. भाचीचं लग्न होतं. त्यांच्याकडे भंडाऱ्याकडची टसरची करवत काठी साडी होती. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो : या साडीच्या काठाची आतली कड सरळ नसते, करवतीच्या दातांसारखी असते, आणि ते दात विणतानाच येतात, छापलेले नसतात. काकूंनी ही साडी जुन्या क्रीम रंगाच्या अर्ध्या बाहीच्या ब्लाउजवर नेसून फोटो काढला होता. त्यांना हवा होता नवा ब्लाउज : बाही कोपरापर्यंत, गळा बोट नेक, रंग वाइन, आणि बाहीच्या टोकाला साडीसारखाच करवत काठ.

मी फोनवरच्या एका ॲपमध्ये फोटो टाकला आणि या चारही गोष्टी एका वाक्यात लिहिल्या. आलेल्या चित्रात बाही बरोबर होती, रंग जवळपास होता, पण गळा गोल आणि बाहीला जरीचे मोर. मग लिहिलं, "मोर काढ." मोर गेले, सोबत बाही चार बोटं आखूड झाली. "बाही लांब कर." बाही लांब झाली, पण ब्लाउज चमकायला लागला. "चमक कमी कर." अशा सहा फेऱ्या झाल्या. सहाव्या चित्रातला ब्लाउज खरंच छान होता. काकूंनी फोन हातात घेतला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि म्हणाल्या, "ब्लाउज तं मस्त होऊन राहिला बाप्पा, पण ही साडी माही नाही!"

खरंच नव्हती. करवतीचे दात पहिल्या फेरीनंतर बोथट झाले होते, तिसऱ्या फेरीत त्यांची लाट झाली होती आणि सहाव्यात एक सरळ पट्टी उरली होती. पदराच्या निऱ्या बदलल्या होत्या. हनुवटीसुद्धा थोडी निमुळती झाली होती, ते काकूंना दिसलं नाही किंवा आवडलं असावं. मी प्रत्येक फेरीत फक्त आधीच्या चित्राकडे पाहत होतो, आणि आधीच्या चित्राच्या मानाने प्रत्येक बदल लहानच होता. सहा लहान बदल मिळून मूळ फोटोपासून मी कुठच्या कुठे गेलो होतो.

हे का होतं, ते या टूलच्या कामाच्या पद्धतीत आहे. आपल्याला वाटतं ते मास्तरांसारखं काम करतं, म्हणजे बाही उसवली, नवी जोडली, बाकी ब्लाउज तसाच. तसं नाही. अशी बरीच टूल चित्रावर आधी ठिपक्यांचा गोंधळ पसरवतात, जुन्या टीव्हीवर सिग्नल गेल्यावर मुंग्या दिसायच्या तसा. मग आपल्या शब्दांकडे पाहत तो गोंधळ पायरीपायरीने पुसत चित्र नव्याने काढतात. म्हणजे बाही बदलायला सांगितली तरी हात लागलेला सगळा भाग पुन्हा रंगवला जातो. ज्या गोष्टीबद्दल आपण काही बोललो नाही, ती "तशीच ठेवायची" असा तिथे कायदा नाही. ती साधारण तशी येते, एवढंच. "बाकी काही बदलू नको" असं लिहिल्याने थोडा फरक पडतो, पण ती विनंती असते, कुलूप नसतं.

त्यात शब्द एकमेकांना बांधलेले असतात. "लग्नासाठी" म्हटलं की ज्या कोट्यवधी फोटोंवरून हे टूल शिकलं त्यातले दागिने, जर आणि लाल रंग सोबत येतात. "रेशमी" म्हटलं की चमक येते, आणि चमकेबरोबर घड्या बदलतात. माझे मोर कुठून आले ते नंतर कळलं : मी "पारंपरिक काठ" असं लिहिलं होतं.

आणखी एक झीज आहे, आणि काकूंची साडी मुख्यतः तिनेच खाल्ली. २०२२ साली आलेलं Stable Diffusion आणि त्याच्या कुळातली बरीच टूल थेट फोटोवर काम करत नाहीत. आधी फोटो आकसून एका छोट्या नकाशात नेतात आणि शेवटी पुन्हा फुगवून फोटो करतात. लांबीत आठ आणि रुंदीत आठ ठिपक्यांचा चौकोन नकाशातल्या एका घरात मावतो. ५१२ बाय ५१२ ठिपक्यांच्या फोटोचा नकाशा ६४ बाय ६४ घरांचा होतो. प्रत्येक घरात चार आकडे असतात, त्यामुळे घर म्हणजे एकच रंग असं नाही, पण बारीक नक्षी त्यात अंदाजानेच जपली जाते. आता काकूंच्या फोटोत करवतीचा एक दात मोजला तर पाच-सहा ठिपके रुंद होता, म्हणजे एका घराहूनही लहान. एका फेरीत तो बोथट होणारच. आलेलं चित्र पुन्हा आत घातलं की बोथट दाताचा पुन्हा अंदाज. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेल्यासारखं. वर दर फेरीला जेपीजी म्हणून साठवलं, किंवा काकूंना व्हॉट्सॲपवर पाठवून तिथूनच परत घेतलं, तर ती झीज वेगळी.

दुसऱ्या दिवशी मी हेच काम कॉम्प्युटरवर, Stable Diffusion वापरून, मूळ फोटोपासून पुन्हा सुरू केलं. यावेळी एका फेरीत एकच गुण बदलायचा ठरवलं. बोलायला हे सोपं आहे. अडचण येते ती "एक गुण" म्हणजे काय ते ठरवताना.

"कोपरापर्यंत फिट बाही" हा एक गुण वाटतो, पण मास्तरांना विचारा. लांबी वेगळी, घेर वेगळा, मुंढ्याजवळ चुण्या आहेत की नाहीत ते वेगळं. मला उपयोगी पडलेली कसोटी मास्तरांचीच आहे : ज्या गोष्टीसाठी त्यांच्या वहीत वेगळं माप किंवा वेगळी खूण लागते, तो वेगळा गुण. म्हणून मी कागदावर दोन रकाने केले. एकात कुलूप लावलेल्या गोष्टी : चेहरा, साडीचा काठ, पदराच्या निऱ्या, मंगळसूत्र, बांगड्या. दुसऱ्यात बदलायच्या गोष्टी, क्रमाने : बाहीची लांबी, गळा, रंग, बाहीचा काठ. घेर जुन्या ब्लाउजचाच ठेवायचा होता, म्हणून तो कुलपात गेला.

हा क्रम हवा तसा लावून चालत नाही. आकार आधी, रंग मग, नक्षी सगळ्यात शेवटी. बाहीवर आधी सुंदर काठ बसवला आणि मग बाही लांब करायला गेलो, तर बाही नव्याने रंगवली जाणार आणि काठ त्यात जाणार. घर बांधताना प्लास्टर करून मग भिंत सरकवत नाहीत, तसंच. उलट बाही आधी ठरली असेल तर काठासाठी तिच्या टोकाची दोन बोटं सोडून कशालाच हात लावावा लागत नाही.

पहिली फेरी, बाही. इथे मी मास्क वापरला, म्हणजे ज्या भागात बदल करायचा तेवढाच ब्रशने रंगवून दाखवला. यात एक चूक हमखास होते : लोक फक्त जुनी बाही रंगवतात. नवी बाही जिथे येणार तो उघडा हातही मास्कमध्ये हवा, नाहीतर टूलला बाही लांब करायला जागाच नसते. मी मास्क कोपराच्या थोडा खालपर्यंत नेला आणि एवढंच लिहिलं :

```
plain cream cotton blouse, fitted elbow-length sleeve
```

रंग आणि कापड जुन्याच ब्लाउजचं लिहिलं आहे, ते मुद्दाम. ज्या गोष्टी बदलायच्या नाहीत पण मास्कच्या आत सापडल्या आहेत, त्यांचं नाव घ्यावं लागतं. वाइन रंगाचा उच्चारही या फेरीत नाही.

मग येतं `Denoising strength`, म्हणजे किती जाड गोंधळ पसरवायचा ते. शून्यावर जवळपास काहीच बदलत नाही, एकवर जुनं जवळपास पुसून नवं येतं. आकार बदलायचा तर हा आकडा मोठा लागतो. मी ०.७५ ठेवला. ०.४ वर बाही जागची हलली नाही, फक्त सुरकुत्या बदलल्या. आणि `Seed`, म्हणजे सुरुवातीचा मुंग्यांचा नकाशा कोणता घ्यायचा त्याचा क्रमांक. तो -१ असेल तर दर वेळी नवा नकाशा येतो, आणि मग चित्रात फरक पडला तो आपल्या शब्दाने की नव्या मुंग्यांनी, हे सांगता येत नाही. म्हणून चार वेगवेगळ्या क्रमांकांवर चार चित्रं काढली, त्यातलं एक निवडलं आणि तो क्रमांक कागदावर लिहून ठेवला. मास्क, चित्राचं माप किंवा बाकी सेटिंग बदललं तर तोच क्रमांक देऊनही तेच चित्र येईलच असं नाही, हेही लक्षात असू द्या.

चारातल्या दोन चित्रांत बाही मनगटाकडे सरकली होती, एकात कोपराला खळी आणि उगाच चुण्या. चौथं बरोबर होतं. पुढे जाण्याआधी मी ते तपासलं, आणि तपासायची रीत सांगण्यासारखी आहे, कारण डोळ्याला हे फरक पकडता येत नाहीत. GIMP किंवा फोटोशॉपमध्ये खाली मूळ फोटो ठेवायचा, वर नवं चित्र, आणि वरच्या लेयरचा मोड `Difference` करायचा. जिथे दोन्ही सारखे तिथे काळंकुट्ट दिसतं, जिथे फरक तिथे उजळ. बाही उजळ दिसली पाहिजे, बाकी सगळं काळं. काठावर, हनुवटीवर, बांगड्यांवर राखाडी धुकं दिसलं तर समजायचं, चित्र सरकून राहिलं आहे. आदल्या दिवशीचं सहावं चित्र असं ठेवून पाहिलं तर पूर्ण काकू उजळून निघाल्या.

मास्क असलेल्या चांगल्या टूलमध्ये मास्कबाहेरचे ठिपके मूळ फोटोचेच परत चिकटवले जातात, त्यामुळे तिथे काळंच येतं. फोनवरच्या ॲपमध्ये मास्क नसेल तर तेच काम हाताने करता येतं : नवं चित्र मूळ फोटोवर लेयर म्हणून ठेवायचं, बाही सोडून बाकी खोडायचं. साडीचा मूळ काठ खालून दिसतो. हे पाच मिनिटांचं काम दर फेरीला केलं तर झेरॉक्सची झेरॉक्स होत नाही. फक्त ॲपने चित्राचं माप बदललेलं नसावं किंवा चित्र किंचित सरकवलेलं नसावं. तसं असेल तर आधी जुळवून घ्यावं लागतं.

दुसरी फेरी, गळा. इथे मी अडकलो. बोट नेक पहिल्याच चारात सुरेख आला, पण मंगळसूत्र गेलं. दोष माझा : गळ्याचा मास्क मंगळसूत्रावरूनच जाणार होता. मोह असा होतो की हेच चित्र पुढे घेऊन "मंगळसूत्र घाल" असं सांगावं. तसं एकदा करून पाहिलं. मंगळसूत्र आलं, भलतंच, वाट्यांच्या जागी पेंडंट असलेलं, आणि गळा पुन्हा गोल. बिघडलेल्या चित्रावरून पुढे दुरुस्ती करत गेलं की एक गुण सुधारायला दोन गुण पणाला लागतात. म्हणून नियम असा ठेवला : फेरी फसली तर ते चित्र टाकायचं आणि मागच्या पसंत चित्रावर परत यायचं, फसलेल्यावरून पुढे जायचं नाही. मी पहिल्या फेरीच्या चित्रावर परत आलो, गळा पुन्हा काढला, आणि मंगळसूत्राचे काळे मणी आणि वाट्या मूळ फोटोतून कापून वर ठेवल्या. मण्यांच्या कडेला थोडी त्वचा आली होती, ती बारीक ब्रशने खोडायला वीस मिनिटं गेली. पण ते मंगळसूत्र काकूंचंच राहिलं.

तिसऱ्या फेरीत रंगासाठी मी एआय वापरलंच नाही. आकार जसाच्या तसा ठेवून फक्त रंग बदलायचा असेल तर ही टूल अवघड जागी सापडतात : गोंधळ कमी ठेवला तर जुना क्रीम रंग सुटत नाही, जास्त ठेवला तर आकार सुटतो. साध्या एडिटिंगमध्ये मात्र ब्लाउजवर वाइन रंगाचा लेयर टाकून त्याचा मोड `Multiply` केला की खालच्या सुरकुत्या, शिवण, सावल्या सगळं तसंच राहून रंग चढतो. फिक्यावरून गडदकडे जाताना हे सहज जमतं. गडद ब्लाउज फिका करायचा असता तर इतकं सोपं नव्हतं. तेव्हा मी आधी हवा तो रंग ढोबळ फासून घेतो आणि मग त्यावरून साधारण ०.४ च्या आसपास एक फेरी मारतो.

चौथी फेरी, बाहीचा काठ. करवत काठ शब्दांत सांगून येत नाही, दहा वेळा प्रयत्न केला तरी झिगझॅग लेस येते. म्हणून साडीच्याच फोटोतला खांद्याजवळचा काठाचा स्वच्छ तुकडा घेतला, बाहीच्या गोलाईप्रमाणे वळवला आणि टोकाला बसवला. चिकटवलेला दिसू नये म्हणून तेवढ्याच पट्टीवर ०.२५ ची हलकी फेरी मारली, आणि यावेळी `Only masked` हा पर्याय निवडला. त्याने तेवढाच तुकडा मोठा करून त्यावर काम होतं आणि मग लहान करून जागेवर बसतो. मघाशी एका घराहून लहान असलेला दात आता तीन-चार घरं व्यापतो, म्हणून टिकतो. मी बाहीवरचे दात मोजले : फेरीआधी अकरा, फेरीनंतर अकरा.

चार फेऱ्यांत काम झालं, असं वाटत होतं. काकूंना दाखवलं, त्यांनी साडी ओळखली, मग जरा मान वाकडी केली. "गळा काऊन असा जड वाटून राहिला?" आणि त्या बरोबर म्हणत होत्या. क्रीम रंगात मोकळा वाटलेला बोट नेक वाइनमध्ये छातीपर्यंत एक गडद ठोकळा झाला होता. गळा एकटा पाहिला तेव्हा चांगला होता, रंग एकटा पाहिला तेव्हा चांगला होता, दोन्ही मिळून नव्हते.

एका वेळी एक बदल या पद्धतीची ही खरी उणीव आहे आणि ती जुनी आहे. शेतीच्या प्रयोगांबद्दल लिहिताना संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने १९२६ मध्येच हा आक्षेप घेतला होता : एक-एक गोष्ट बदलून पाहिली तर दोन गोष्टी मिळून काय करतात ते कळतच नाही. म्हणून वाण आणि खत दोन्ही एकाच वेळी, पण ठरवून मांडलेल्या वाफ्यांत बदलतात. इकडे वर्धा रोडवर कापूस संशोधनाची केंद्रीय संस्था आहे, तिथल्या माणसाला हे सांगायची गरज नाही. पण वाफ्यांच्या त्या पद्धतीला खूप वाफे लागतात. चार गुणांचे दोन-दोन पर्याय धरले तरी सोळा चित्रं होतात, आणि गिऱ्हाईक सोळा चित्रं पाहून घरी निघून जातं.

म्हणून मी मधली वाट धरतो. कोणते दोन गुण एकमेकांना ओढतात ते आधीच साधारण माहीत असतं : गळा आणि रंग, बाहीची लांबी आणि काठाची रुंदी. तेवढ्याच जोडीसाठी चार चित्रं करतो. काकूंसाठी बोट नेक आणि थोडा खोल गोल गळा, वाइन आणि फिका वांगी रंग, असे दोन गुणिले दोन. रंग आता लेयरमध्ये असल्याने बदलायला क्षण लागतो, गळ्याची मात्र एक नवी फेरी करावी लागली, तीही पहिल्या फेरीच्या चित्रावरून. काकूंनी खोल गोल गळा आणि वाइन घेतला. बाही आणि काठ तसेच राहिले, त्यांना पुन्हा हात लावला नाही.

शेवटचं चित्र मूळ फोटोवर `Difference` मध्ये ठेवलं तेव्हा फक्त ब्लाउज उजळला, बाकी काळं. ते मास्तरांना पाठवलं. मास्तरांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "बाहीला काठ लावायचा तो साडीतून कापायचा का वेगळा आणायचा? कारण एवढ्या बाहीला दोन्हीकडचा मिळून पाऊण मीटर तं लागन." साडीच्या आतल्या टोकाला, निऱ्यांमागे लपणाऱ्या भागात तेवढा काठ सोडता येतो का, ते बघायला काकू साडी घेऊन येणार आहेत.